थंडीत पास झालेलं सेकंडहँड ग्राफिक कार्ड एप्रिलमध्ये का दमतं?

दर वर्षी होळी झाली की मला असे दोन-तीन फोन येतात. कार्ड डिसेंबर-जानेवारीत घेतलेलं असतं, घेताना बेंचमार्क चालवून पाहिलेला असतो, आकडा यूट्यूबवरच्या आकड्याशी जुळलेला असतो. दोन-अडीच महिने सगळं झकास चालतं. मग नाशकात ऊन तापायला लागतं आणि गेम पहिली दहा मिनिटं लोण्यासारखा चालून नंतर अडखळायला लागतो. पीसी बंद करून चहा पिऊन आलं की पुन्हा दहा मिनिटं ठीक. ड्रायव्हर बदलून होतो, विंडोज नव्याने टाकून होते, शेवटी कोणीतरी वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसवर खापर फोडतं.

यातली बरीच कार्डं आरटीएक्स ३०८०, ३०९० किंवा ३०७० टीआय असतात, म्हणजे जीडीडीआर६एक्स मेमरीची. दोष बहुतेक वेळा एकच निघतो: मेमरीच्या चिपांची उष्णता हीटसिंककडे नेणारे थर्मल पॅड वाळलेले असतात. हे लिहिलंय ते त्याच दोषाबद्दल. तो कसा पकडायचा, कार्ड घेतानाच जानेवारीत कसा ओळखायचा, आणि घेऊन बसलाच असाल तर काय करायचं.

भाच्याचं कार्ड

यंदाचा पहिला फोन घरातूनच आला. भाचा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, राहायला पंचवटीत, खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर सरळ गच्ची. जानेवारीत त्याने सिडकोतल्या एका मुलाकडून तीन पंख्यांचं ३०८० सत्तावीस हजारांना घेतलं होतं. एप्रिलच्या मध्याला फोनवर म्हणाला, "मामा, कार्ड गेलं वाटतं. दुकानदार म्हणतोय एसएमपीएस बदला, साडेआठशे वॅटचा घ्या."

"पीसी धाडकन बंद होतो का?"

"नाही, बंद नाही होत. फक्त स्लो होतो."

मग एसएमपीएस नको घेऊस, म्हटलं. एसएमपीएस कमी पडला तर पीसी एकदम बंद पडतो किंवा रीस्टार्ट होतो. तो सहसा हळूहळू मंदावत नाही. नऊ हजार वाचले आणि रविवारी दुपारी मी तिकडे गेलो.

भिंतीवरच्या घड्याळात थर्मामीटर होता, खोली ३६ अंश. मी नेहमी करतो तेच केलं: गेम सुरू करून एका ठरावीक जागी उभं राहायचं, कॅमेरा एकाच दिशेला धरायचा आणि माउसला हात लावायचा नाही. चित्र बदलत नसल्यामुळे कार्डावरचा भारही बदलत नाही. मग फ्रेम कमी झाल्या तर दोष गेमचा नाही, कार्डाचा किंवा त्याच्या थंडाव्याचा. मागे `HWiNFO64` चालू ठेवलं, सेन्सरच्या यादीतून चार ओळी निवडल्या: `GPU Temperature`, `GPU Hot Spot Temperature`, `GPU Memory Junction Temperature` आणि `GPU Power`. कागदावर लिहिलेलं असं होतं:

| मिनिट | फ्रेम | कोर | मेमरी | वॅट |
|---|---|---|---|---|
| १ | ९२ | ५८° | ८४° | ३१८ |
| ५ | ९१ | ७०° | १०४° | ३१७ |
| ९ | ८८ | ७३° | ११०° | ३०२ |
| १२ | ६४ | ६८° | ११०° | २१५ |

शेवटची ओळ नीट पाहा. गेम अडखळतोय तेव्हा कोरचं तापमान वाढलेलं नाही, उलट पाच अंशांनी उतरलंय. भाच्याने आतापर्यंत फक्त कोरचाच आकडा पाहिला होता आणि "६८ म्हणजे तर थंड आहे" असं समजून तापमानाचा विषयच सोडून दिला होता. खरी गोष्ट अशी की मेमरी ११० ला पोचली की कार्ड स्वतःला वाचवण्यासाठी वीज आणि क्लॉक खाली आणतं. त्यामुळे कोरला काम कमी पडतं आणि तो थंड होतो. या कार्डात पंखे कोरच्या तापमानावर चालतात, म्हणून कोर थंड झाला की पंखेही मंदावतात आणि मेमरी बिचारी आणखी भाजत राहते.

`GPU-Z` च्या सेन्सर टॅबमध्ये `PerfCap Reason` अशी एक पट्टी असते. एरवी भार असताना तिथे `Pwr` किंवा `VRel` दिसतं आणि ते नॉर्मल आहे. भाच्याच्या कार्डावर अकराव्या मिनिटाला तिथे `Thrm` आलं. कोर ६८ वर असताना `Thrm` दिसलं की मला दुसरं काही शोधावं लागत नाही.

एनव्हिडियाच्या ड्रायव्हरसोबत येणाऱ्या कमांडने नोंद फाइलमध्ये ठेवता येते. दर पाच सेकंदांनी एक ओळ लिहिली जाते:

```
nvidia-smi --query-gpu=temperature.gpu,clocks.sm,clocks.mem,power.draw,fan.speed --format=csv -l 5 -f log.csv
```

पण ही कमांड जीफोर्स कार्डांच्या मेमरीचं तापमान देत नाही, म्हणून `HWiNFO64` लागतंच. वॅट कधी पडले आणि तेव्हा पंख्याचं काय चाललं होतं हे बघायला मात्र ही फाइल उपयोगी.

दुसरी कारणं पाच मिनिटांत बाजूला काढता येतात. फ्रेम पहिल्या मिनिटापासूनच कमी असतील आणि कार्डाचा वापर साठ-सत्तर टक्क्यांवरच घुटमळत असेल, तर अडथळा बहुधा प्रोसेसरचा किंवा एकाच रॅम स्टिकचा आहे. स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येत असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये `4101` क्रमांकाची नोंद शोधा, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर कोसळून पुन्हा उठला. तो मामला वेगळा. दहा-बारा मिनिटं ठीक आणि मग उतरण, ही चाल मात्र उष्णतेचीच.

मग जानेवारीतला बेंचमार्क खोटा होता का?

नाही. तो खरा होता, पण त्याने वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं होतं.

भाच्याकडे त्या दिवसाचा फोटो होता. थ्रीडीमार्कच्या टाइम स्पाय चाचणीत ग्राफिक्स स्कोअर १७,४००. धडधाकट ३०८० ला साडेसतरा हजारांच्या आसपास पडतात, त्यामुळे भाचा खूश. (तुलना करताना ग्राफिक्स स्कोअरच पाहा. वरती मोठ्या अक्षरात येणाऱ्या एकूण स्कोअरमध्ये प्रोसेसरचाही वाटा असतो, आणि जुन्या प्रोसेसरवर चांगलं कार्डही त्यात मार खातं.) दोन-तीन टक्क्यांचा फरक कार्डागणिक असतोच, त्यावर भाव करत बसू नये.

पण टाइम स्पायच्या ग्राफिक्स चाचण्या काही मिनिटांत आटोपतात. आमच्या तक्त्यात पाचव्या मिनिटापर्यंत फ्रेम ९१ होत्याच! आजारी कार्डसुद्धा पाच मिनिटं निरोगी दिसतं. यूट्यूबवर तुम्ही बघता ते आकडे बहुधा उघड्या टेबलावर किंवा एसीच्या खोलीत, सगळ्यात महागड्या प्रोसेसरसोबत काढलेले असतात. ते कार्डाची कुवत सांगतात. तुमच्या हातातलं कार्ड ती कुवत किती वेळ टिकवतं हे त्यांना सांगता येत नाही. म्हणून सेकंडहँड कार्डाचा बेंचमार्क दोनदा काढायचा: एकदा कार्ड थंड असताना, आणि मग वीस-पंचवीस मिनिटं सतत भार देऊन, मध्ये न थांबता, पुन्हा एकदा. दुसरा आकडा पहिल्याच्या ९७ टक्क्यांच्या खाली गेला तर कार्ड उघडावं लागणार असं धरून चला. थ्रीडीमार्कची स्वतःची स्ट्रेस टेस्ट हेच करते, वीस फेऱ्या आणि पास होण्याची रेषा ९७ टक्के. ती विकतच्या आवृत्तीत आहे. फुकटात करायचं तर युनिजिनचं हेवन लावून सोडा, ते आपण थांबवेपर्यंत फिरत राहतं.

सरासरी फ्रेमसोबत "१% लो" असा आकडा दिलेला असतो, म्हणजे सगळ्यात वाईट एक टक्का फ्रेम कशा होत्या. कार्ड तापून झटके खायला लागलं की सरासरी हळूहळू उतरते, पण हा आकडा आधी कोसळतो. दोन्ही वेळचा लिहून ठेवा.

नाशिकची थंडी विकणाऱ्याच्या बाजूने असते

फोटोत आणखी एक गोष्ट होती, जी भाच्याने आणि खरं सांगायचं तर मीही आधी पाहिली नव्हती. सकाळी साडेनऊची वेळ, तळमजल्याची खोली, विकणाऱ्याच्या अंगात स्वेटर. जानेवारीतली नाशिकची सकाळ! खोली जेमतेम १८ अंश असेल.

हीटसिंक हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. ठरावीक भाराला आणि पंख्याच्या ठरावीक वेगाला चिपचं तापमान हवेपेक्षा साधारण ठरावीक अंशांनी वर राहतं. म्हणून आकडा वाचायचा तो "हवेपेक्षा किती वर" असा. समजा विकणाऱ्याच्या खोलीत १८ अंश आहेत आणि पंचवीस मिनिटांनी मेमरी ९६ दाखवते. ९६ ऐकायला बरं वाटतं, ११० च्या खूप खाली. पण ते हवेपेक्षा ७८ अंश वर आहे. तेच कार्ड ३६ अंशांच्या खोलीत नेलं तर ३६ अधिक ७८ म्हणजे ११४. तिथे ते पोचणारच नाही, ११० ला पाय ओढून घेईल. पंखे ऑटोवर असतील तर उन्हाळ्यात ते थोडे जोरात फिरतील आणि हिशोब दोन-चार अंशांनी सुधारेल, पण त्यावर भिस्त ठेवू नका.

माझी स्वतःची रेषा अशी आहे: कॅबिनेटची बाजू बंद, पंखे ऑटोवर, पंचवीस मिनिटांचा भार, आणि मेमरी हवेपेक्षा ६५ अंशांपर्यंत वर. म्हणजे एप्रिलच्या ३८ अंशांच्या खोलीत १०३ पर्यंत. ६५ ते ७२ मध्ये असेल तर पॅड बदलायचा खर्च आणि एक सुट्टी धरून भाव करा. त्यापुढे असेल आणि विकणारा कमी करायला तयार नसेल तर मी उठतो. हा काही कंपनीने दिलेला नियम नाही, नाशिकच्या उन्हाळ्याचा अंदाज घेऊन ठरवलेला आहे. तुमच्या खोलीत एसी असेल तर तुम्हाला सैल सोडता येईल.

हे करायला शंभर-दीडशे रुपयांचा खोलीचा थर्मामीटर खिशात न्या. विकणाऱ्याच्या मोबाइलवरचं हवामान बाहेरचं असतं, कार्ड ज्या हवेत श्वास घेतंय तिचं नाही. आणि पंखा आधीच हाताने १०० टक्क्यांवर लावून ठेवलेला नाही ना ते आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममध्ये पाहा. भाच्याच्या फोटोत `GPU-Z` च्या खिडकीत पंखा १०० दिसत होता, कोर ५२. मुलगा फसवत होता असं मी म्हणणार नाही. क्रिप्टोसाठी कार्डं दिवसरात्र राबवणारे मायनिंगवाले पंखा तसाच फिक्स ठेवतात, सवयीने राहिलं असेल. पण चाचणीच्या आधी आफ्टरबर्नरचं रिसेटचं बटण तुम्ही स्वतः दाबा. मेमरीला दिलेला ओव्हरक्लॉकही त्याने निघतो. जीडीडीआर६एक्स मेमरी जास्त ताणली तर पडद्यावर लगेच ठिपके येत नाहीत. ती चुका पकडून तोच डेटा पुन्हा पाठवते, म्हणून चित्र स्वच्छ दिसतं आणि स्कोअर मात्र उगाचच पडतो.

मायनिंगने नेमकं काय झिजतं

आपल्याकडे सरसकट "बिटकॉइनचं कार्ड" म्हणतात. बिटकॉइनचं काम ग्राफिक कार्डांकडून खास त्यासाठी बनवलेल्या मशिनांकडे कधीच गेलं होतं. ही कार्डं इथेरियम काढत होती. इथेरियमचं गणित मुद्दामच असं बनवलेलं की त्यात कोरपेक्षा मेमरीतून सतत, उलटसुलट जागांवरून वाचावं लागे. म्हणून मायनिंगवाला कोरची वीज कमी करायचा, ३२० वॅटचं ३०८० सव्वादोनशेच्या आसपास चालवायचा, आणि मेमरी मात्र ओव्हरक्लॉक करायचा. कोर साठीत निवांत आणि मेमरी शंभरीच्या पुढे, दिवसरात्र. तोच प्रकार आमच्या तक्त्यातही दिसतो, फक्त वेगळ्या कारणाने.

दोन वर्षं चोवीस तास म्हणजे १७,५२० तास. रोज तीन तास खेळणाऱ्याला तेवढे तास भरायला सोळा वर्षं लागतील. एवढ्यात सिलिकॉन मरत नाही. सतत एकाच तापमानाला राहिलेल्या कोरला तापणं-निवणं कमी सोसावं लागतं, त्यामुळे "मायनिंगचं म्हणजे मेलेलं" हे मला पटत नाही. झिजतात त्या स्वस्त वस्तू: थर्मल पॅड आणि पंख्यांची बेअरिंग. पॅडमधलं सिलिकोनचं तेल उष्णतेने बाहेर झिरपतं, पॅड कडक होतो, आक्रसतो आणि चिप व हीटसिंक यांच्यातला मिलाफ सुटतो.

इथेरियमने १५ सप्टेंबर २०२२ ला मायनिंगच बंद केलं आणि रिगवाल्यांनी कार्डं बाजारात ओतली. म्हणून संशय घ्यायचा तो त्याआधीच्या पिढ्यांवर. आरटीएक्स ४० ची मालिका त्यानंतर, ऑक्टोबर २०२२ पासून आली, तिथे हा प्रश्न जवळजवळ नाही. २०२१ च्या मध्यापासून आलेल्या काही कार्डांवर `LHR` लिहिलेलं असतं, म्हणजे एनव्हिडियाने मायनिंगचा वेग मुद्दाम कमी केलेली. त्यांच्यावर मायनिंग कमी झालं असण्याची शक्यता आहे, पण २०२२ मध्ये ते कुलूपही फोडलं गेलं, त्यामुळे तेवढ्यावर विश्वास टाकू नका.

खुणांमध्ये मी सगळ्यात आधी तेल बघतो. कार्ड आडवं धरून मोबाइलचा टॉर्च पीसीबी आणि हीटसिंकच्या मधल्या फटीत मारा. मेमरीच्या चिपा कोरच्या भोवती कडेकडेने असतात. तिथे हिरव्या किंवा काळ्या बोर्डावर ओलसर चकाकी, वर धूळ चिकटून झालेली कडा, हे पॅडचं तेल. बॅकप्लेटच्या आतून खाली ओघळलेलंही दिसतं. कापसाने पुसलं तर बोटाला हलकं मेणचट लागतं. थोडं तेल गेमिंगच्या कार्डातही सुटतं. पण कोरच्या तिन्ही बाजूंनी सारखी ओल असेल तर त्या मेमरीने फार दिवस भट्टी सोसली आहे.

नंतर पंखे. पीसी बंद असताना प्रत्येक पंखा बोटाने हलकेच वरखाली हलवा. जरासा खेळ असतोच, पण एक पंखा बाकीच्यांपेक्षा जास्त डुगडुगत असेल तर बेअरिंग गेलं. मग पीसी चालू करून पंखा ३० टक्क्यांवर ठेवा आणि कान लावा. खराब बेअरिंग जोरात फिरताना लपतं आणि मंद वेगाला कुरकुरतं, म्हणून १०० वर ऐकण्यात अर्थ नाही.

स्क्रूच्या खाचा घासलेल्या असतील तर कार्ड उघडलं गेलंय. हे वाईटच असं नाही, आधीच्या मालकाने पॅड बदलले असतील, फक्त विचारा कुठले आणि किती जाडीचे. ब्रॅकेटवर गंज असेल तर मी विचार करतो, कारण नाशिकच्या कोरड्या हवेत कॅबिनेटमधलं ब्रॅकेट सहसा गंजत नाही. ते कार्ड समुद्राकडच्या दमट गाळ्यातून आलं असावं, किंवा धुतलेलं असावं. हो, लोक कार्डं धुतात. फार स्वच्छ, धुळीचा कणही नसलेलं तीन-चार वर्षांचं कार्ड मला धुळीने माखलेल्यापेक्षा जास्त संशयास्पद वाटतं.

बिल, खोकं, त्यावरचा सीरियल नंबर कार्डाशी जुळणं, हे तपासाच. एकाच माणसाकडे तीच तीन-चार कार्डं विकायला असतील तर वेगळं विचारायची गरज नाही. एकाने मला अंबडच्या गाळ्यातली रिग सरळ दाखवली होती, सहा कार्डं लोखंडी रॅकवर, शेजारी टेबलफॅन. त्याच्याकडून घेतलेलं कार्ड अजून चालतंय, कारण त्याने काही लपवलं नाही आणि मी पॅडचे पैसे धरूनच भाव केला.

दोन अपवाद सांगून पुढे जातो. ३०७० आणि बहुतेक ३०६० टीआय कार्डांमध्ये साधी जीडीडीआर६ मेमरी आहे आणि तिचं तापमान `HWiNFO64` मध्ये दिसतच नाही. तिथे वरचा हिशोब करता येत नाही. तेल, पंखे, दोनदा बेंचमार्क आणि `OCCT` ची व्हीरॅम चाचणी एवढंच हातात उरतं, आणि त्या चाचणीत एक जरी एरर आला तरी कार्ड घेऊ नका. दुसरं, एएमडीच्या आरएक्स ५७० आणि ५८० मध्ये बऱ्याचदा मायनिंगसाठी बायोसच बदललेला असतो. नवा ड्रायव्हर टाकल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये `Code 43` आलं तर आधी तोच संशय घ्या. ५८० घेत असाल तर `GPU-Z` मध्ये शेडर २३०४ हवेत. २०४८ दिसले तर ते नावालाच ५८० आहे, कामाला ५७० इतकंच, आणि भावही तेवढाच द्या.

पॅड बदलताना मी केलेली चूक

भाच्याचं कार्ड उघडलं. स्प्रिंगचे चार स्क्रू आधी, मग बॅकप्लेटचे. हीटसिंक उचलताना पंख्यांच्या बारीक वायरी बोर्डाला जोडलेल्या असतात, झटका दिला की कनेक्टर उपटतो. म्हणून आधी इंचभर उचलून त्या काढायच्या. पॅड निघाले ते वाळलेल्या साबणाच्या चकत्यांसारखे, दाबले की तुटत होते. दोन चिपांवर पॅडला हीटसिंकची छापच उमटलेली नव्हती, म्हणजे तिथे मिलाफ जवळजवळ नव्हताच.

व्हर्नियरने जुना पॅड मोजला तर १.७ मिमी. दाबून बसलेला पॅड मूळ मापापेक्षा पातळ भरतो, म्हणजे मूळचा २ मिमी. पण माझ्याकडे २ चे संपले होते, २.५ चे होते. म्हटलं पॅड मऊ आहे, दाबला जाईल. लावले, नवी पेस्ट लावली, बंद केलं. मेमरी मस्त ८८ वर, पण कोर ७९ आणि हॉटस्पॉट, म्हणजे कोरचा सगळ्यात तापलेला भाग, १०५! या दोन्हींत एरवी दहा-पंधरा अंशांचं अंतर असतं. इथे २६ झालं. जाड पॅडने हीटसिंक उचलून धरला होता आणि कोरवर तो नीट टेकतच नव्हता. रात्री साडेनऊला पुन्हा सगळं उघडलं, आणि भाचा शेजारी उभा राहून काही न बोलता बघत होता, ते जास्त लागलं.

दोन दिवसांनी २ मिमीचे पॅड आले. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, पॅड कापताना दोन्ही बाजूंची पारदर्शक फिल्म काढली (एका बाजूची विसरतात लोक, हसू नका), चार स्क्रू आडव्या-तिरप्या क्रमाने थोडे थोडे आवळले. तुमच्या कार्डाचं माप वेगळं असेल, मेमरीवर एक आणि बाजूच्या, कोरला वीज देणाऱ्या व्हीआरएमवर दुसरं असंही असतं. त्यामुळे नेमक्या मॉडेलचं माप शोधा किंवा जुना पॅड मोजा. माप सापडलंच नाही तर थर्मल पुट्टी लावा, ती जितकी फट असेल तितकीच भरते. पॅड आणि पेस्ट मिळून दोन हजारांच्या आत झालं. वॉरंटी शिल्लक असेल तर आधी ती विचारा, मग स्क्रूला हात लावा.

पॅड येईपर्यंत भाच्याचं काम अडू नये म्हणून मधल्या दोन दिवसांत जुनेच पॅड परत लावून आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्के आणि मेमरी ५०० मेगाहर्ट्झने खाली ठेवली होती. त्यावर मेमरी १०४ वर थांबली, फ्रेम ८४ राहिल्या. हंगाम काढायला ही युक्तीही चालते, पण वाळलेले पॅड पुढच्या वर्षी आणखी वाळलेले असतील.

पॅड बदलल्यावर त्याच खोलीत, त्याच जागी गेममध्ये उभं राहून: खोली ३६, अर्ध्या तासाने कोर ७२, हॉटस्पॉट ८४, मेमरी ९२, वॅट ३१६, फ्रेम ९० ते ९१. हवेपेक्षा ५६ अंश वर. मे महिन्यात एका दुपारी खोली ३९ झाली तेव्हा भाच्याने फोटो पाठवला, मेमरी ९६. खाली लिहिलं होतं, "मामा, मधला पंखा ३० टक्क्याला कुरकुरतोय." पंखा मागवलाय.